बाप्तिस्मा तान्हेपणी की जाणतेपणी, आणि तो दुसऱ्यांदा घ्यावा का?

प्रश्न : काही ख्रिस्ती लोक तान्ह्या बाळालाच बाप्तिस्मा देतात, तर काही मोठेपणीच घेतात. असे का? बाप्तिस्म्याने नेमके काय होते असे ते मानतात?

वयाचा फरक वरवरचा आहे. खरा मतभेद आहे तो त्या पाण्यात कर्ता कोण, यावर. ज्या मंडळ्या बाप्तिस्म्याला देवाची कृती मानतात, त्यांना बाळाच्या होकारासाठी थांबण्याचे कारण दिसत नाही. ज्या त्याला विश्वास ठेवणाऱ्याने चारचौघांत दिलेली साक्ष मानतात, त्यांच्या दृष्टीने बोलता न येणारे बाळ साक्ष देऊच शकत नाही.

बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्यांचे कारणही एकच नाही. कॅथलिक शिकवणीनुसार बाप्तिस्म्याने जन्मतः आलेले आदिपाप धुतले जाते आणि माणूस नव्याने जन्मतो, म्हणून पहिल्या काही आठवड्यांतच तो उरकावा असे त्यांचा नियम सांगतो. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या बाळाला तीनदा पाण्यात बुडवतात, लगेच पवित्र तेलाचा अभिषेक करतात आणि प्रभुभोजनही देतात. बाळांना बाप्तिस्मा देण्याची प्रथा मात्र आदिपापाच्या सिद्धांताहून जुनी आहे. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे इ. स. २०० च्या सुमारास ख्रिस्ती लेखक तर्तुलियन यांनी लहान मुलांचा बाप्तिस्मा लांबवावा असे लिहिले, आणि अर्ध्या शतकानंतर त्याच शहरात सिप्रियन व त्यांच्या सहकारी बिशपांनी आठव्या दिवसापर्यंतसुद्धा थांबू नये असा निर्वाळा दिला. आदिपापाची शिकवण ज्यांनी पक्की केली त्या ऑगस्टीन यांची आई ख्रिस्ती होती, तरी त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा ३८७ मध्ये, वयाच्या तिशीनंतर झाला. त्यामुळे ‘आरंभापासून एकच रीत होती’ असे कोणीही छातीठोकपणे सांगू लागले, की मला ते पटत नाही.

आमच्या घरात हा वाद पुस्तकातून आला नाही. आम्हा दोघा भावांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला होता. आमची मंडळी सुधारणावादी परंपरेतली, म्हणजे बाप्तिस्म्याला कराराचे चिन्ह मानणारी. अब्राहामाशी केलेल्या करारात जसे त्याचे घराणे आले, तशी विश्वासणाऱ्यांची मुले जन्मापासून देवाच्या करारात असतात आणि सुंतेच्या जागी आता बाप्तिस्मा आहे, अशी तिची शिकवण आहे. दादा पुढे दुसऱ्या एका मंडळीत जाऊ लागला. सभासद व्हायचे तर पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा घ्यावा लागेल, असे तिथे त्याला सांगण्यात आले. बाबांनी त्याचा जुना दाखला कपाटातून काढला आणि त्याला घेऊन त्या पाळकांकडे गेले. मीही सोबत होतो. दाखल्यावर तारीख होती, पाळकांची सही होती, धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावे होती. त्या पाळकांनी तो नीट वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, “यात तुमचा विश्वास लिहिलेला आहे, याचा नाही.” बाबा म्हणाले, “आठव्या दिवशी सुंता झाली तेव्हा इसहाकाला कोणी विचारले होते?” त्यावर पाळकांनी प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय उघडला, ज्यात कूशी अधिकारी आधी सुवार्ता ऐकतो आणि मग पाण्यात उतरतो. बाबांनी सोळावा अध्याय काढला, ज्यात तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा घरच्या सगळ्या माणसांसह त्याच रात्री बाप्तिस्मा होतो. त्या घरात तान्ही मुले होती की नव्हती, हे वचन सांगत नाही, आणि सारा वाद नेमका त्या मौनात अडकून पडतो.

दादाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी हजर होतो. पाळकांनी एक हात त्याच्या पाठीमागे ठेवला, दुसऱ्याने त्याचे जोडलेले हात धरले, विश्वासाची कबुली विचारली आणि त्याला पाठीवर पूर्ण पाण्याखाली नेऊन वर आणले. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि नव्या जीवनात चालणे याबद्दल जे लिहितो, ते तिथे डोळ्यांना दिसते. कपाळावर ओंजळभर पाणी घालण्यात ते इतके स्पष्ट दिसत नाही, हे मी मान्य करतो.

बाप्तिस्मा जाणतेपणीच घ्यावा, या मताची किंमत माणसांनी प्राणांनी मोजली आहे. जानेवारी १५२५ मध्ये झ्युरिकला कॉनराड ग्रेबेल यांनी जॉर्ज ब्लाउरोक यांना बाप्तिस्मा दिला. दोघांचाही बालपणी झालेला होता, पण तो बाप्तिस्माच नव्हता, त्यामुळे हा दुसरा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जन्मलेले प्रत्येक मूल चर्चचे आणि नगराचे एकाच वेळी सभासद होई, तेव्हा बाळाचा बाप्तिस्मा नाकारणे म्हणजे नगरव्यवस्थेलाच नकार देणे होते. जानेवारी १५२७ मध्ये त्यांच्याच गटातील फेलिक्स मान्झ यांना झ्युरिकच्या लिम्माट नदीत बुडवून मारण्यात आले, आणि हे करणारे शासन प्रोटेस्टंट होते. बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या आमच्या बाजूने हा डाग लपवू नये.

तरीही माझे मत बाबांच्या बाजूचे आहे. दोन्हीकडे टप्पे दोनच आहेत, फक्त त्यांचा क्रम वेगळा आहे. आमच्याकडे बाळाला बाप्तिस्मा मिळतो आणि जाणत्या वयात दृढीकरणाच्या वेळी ते स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करते. त्यांच्याकडे बाळाचे समर्पण होते, त्याच्यासाठी प्रार्थना होते, आणि पाणी नंतर येते. देवाने आधी हात पुढे करणे आणि माणसाने त्याला उत्तर देणे, या दोन्ही गोष्टी दोघांनाही हव्याच आहेत. मग दादाने आमच्या चर्चमध्ये दृढीकरणाच्या वेळी दिलेले उत्तर त्या पाळकांनी विचारातच का घेतले नाही? त्यांनी फक्त जन्मानंतरचा दाखला वाचला.

तुमच्यावर किंवा तुमच्या माणसावर अशी वेळ आली, तर वयाच्या वादात न शिरता थेट विचारावे की पहिल्या बाप्तिस्म्यात काय उणे होते. कॅथलिक चर्चसुद्धा दुसऱ्या मंडळीतून आलेल्याला पुन्हा बाप्तिस्मा देत नाही. खरे पाणी वापरले होते का, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने दिला होता का आणि देणाऱ्याचा हेतू काय होता, एवढेच पाहिले जाते. चौकशी करूनही शंका उरली, तर ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर’ अशी अट घालून तो दिला जातो. इ. स. २५६ च्या सुमारास रोमचे बिशप स्टीफन आणि कार्थेजचे सिप्रियन यांच्यात फुटीर गटांनी दिलेल्या बाप्तिस्म्यावरून कडाक्याचे भांडण झाले होते. ‘पुन्हा देऊ नये’ हे स्टीफन यांचे म्हणणे पश्चिमेत टिकले.

इथे हेही सांगायला हवे की क्वेकर आणि साल्व्हेशन आर्मी पाण्याचा बाप्तिस्माच देत नाहीत, आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत बाहेरून आलेल्यांबाबतची रीत सगळीकडे सारखी नाही. शिवाय कोणाचा विवेक खरोखरच जुन्या बाप्तिस्म्याने शांत होत नसेल, तर त्याला आईवडिलांचा अपमान करणारा ठरवू नये. दादाने श्रद्धेनेच ते केले, हे मी बाबांनाही सांगत आलो आहे. माझा आक्षेप अट घालण्याला आहे. इंग्लंडमधील बेडफर्डचे धर्मोपदेशक जॉन बन्यन यांना जाणतेपणीचाच बाप्तिस्मा योग्य वाटत होता, तरीही पाण्याबद्दलच्या मतभेदामुळे कोणाला प्रभुभोजनापासून दूर ठेवू नये असे त्यांनी १६७३ मध्ये ठामपणे मांडले, आणि आजही जाणतेपणीच बाप्तिस्मा देणाऱ्या काही बाप्टिस्ट मंडळ्या बालपणी बाप्तिस्मा झालेल्यांना त्यांच्या कबुलीवर सभासद करून घेतात. दादालाही तसे घेता आले असते.