'आत' की INT.? देवनागरी संहितेतली सीनची ओळ

प्रश्न : शॉर्टफिल्मची संहिता मराठीत टाईप करतोय. सीनच्या डोक्यावरची ती INT./EXT. ची ओळ मराठीत कशी लिहायची? आणि इंग्रजीत पात्राचं नाव कॅपिटलमध्ये असतं, तर देवनागरीत काय करायचं?

'आत' आणि 'बाहेर' लिहा. 'अंतर्गत दृश्य' नको, ते सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. आधी आत की बाहेर, मग जागा, मग दिवस की रात्र, हा क्रम मात्र मोडू नका. चाळीची गॅलरी आत की बाहेर, यावर सेटवर वाद होतात. वर छप्पर असलं तरी उजेड आणि आवाज बाहेरचा, म्हणून मी 'बाहेर' लिहितो.

कॅपिटलची अडचण खरी आहे. फाउंटन या साध्या मजकुरात संहिता टाईप करायच्या पद्धतीत सॉफ्टवेअर सीनची ओळ INT. किंवा EXT. वरून आणि पात्राचं नाव कॅपिटल अक्षरांवरून ओळखतं. देवनागरी नाव त्याला साधं वर्णन वाटतं आणि संवाद डावीकडे चिकटून बसतो. उपाय त्याच पद्धतीत आहे. सीनच्या ओळीआधी टिंब द्या, नावाआधी @ द्या. छापताना ही चिन्हं गळून जातात.

```
.आत. सुमनची खोली – रात्र

सुमन स्टोव्हला पिन मारते. स्टोव्ह भडकतो,
विझतो. दारावर थाप. ती वळत नाही.

@विलास (ओ.एस.)
सुमे, कडी काढ.

@सुमन
(हळू)
आधी किल्ली आत सरकव.
```

विलास दाराबाहेर आहे, पण त्याच प्रसंगात आहे, म्हणून ओ.एस., म्हणजे ऑफ-स्क्रीन. तो फोनवर किंवा निवेदनात असता तर व्ही.ओ., म्हणजे व्हॉइस-ओव्हर झालं असतं. कंसातली सूचना ओळ वाचून कळत नसेल तरच द्या. इथे 'हळू' हवं, कारण हे वाक्य ओरडूनही म्हणता येतं.

वर्णनात वर्तमानकाळ, आणि फक्त दिसेल किंवा ऐकू येईल तेवढंच. 'सुमनच्या मनात वर्षानुवर्षांचा राग साचलाय' हे कॅमेऱ्यात येत नाही. 'ती वळत नाही' हे येतं, आणि नटीलाही तेवढं पुरतं.

नवख्या संहितांत हमखास होणारी गडबड जागेच्या नावाची. पहिल्या सीनला 'सुमनची खोली', चौथ्याला 'खोली', सातव्याला 'घर'. दिग्दर्शकाचा सहायक शूटिंगचं वेळापत्रक याच ओळींवरून लावतो. त्याच्या यादीत एका खोलीच्या तीन जागा होतात आणि एका दिवसात उरकणारं काम तीन दिवसांत विखुरतं. नाव एकदा ठरवा आणि दर वेळी तेच चिकटवा.

एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा हिशोब मराठीत धरू नका. तो १२ पॉइंटच्या कुरिअर टाईपवर बेतलेला आहे. त्यात प्रत्येक अक्षर सारख्या रुंदीचं असतं, देवनागरी फॉन्टमध्ये तसं नसतं. घड्याळ लावून, थांब्यांसकट मोठ्याने वाचून पाहा.