ट्रेनिंगचा प्रस्ताव रिजेक्शन रजिस्टरपासून सुरू कर

प्रिय,

तुझा मसुदा वाचला. ‘ऑपरेटरांचं कौशल्य वाढवणं गरजेचं आहे’ हे पहिलंच वाक्य काढून टाक. पैसे नेमके कुठे गळताहेत हे त्यातून प्लांट हेडना कळत नाही.

मी सीएनसी शॉपमध्ये होतो तेव्हा दुसऱ्या पाळीत महिन्याला दहा हजार नगांमागे 400 रिजेक्ट होत. रजिस्टर उघडून कारणं वेगळी केली. 110 नग कास्टिंगमधल्या ब्लोहोलचे, म्हणजे सप्लायरचा प्रश्न. 70 ठोकर लागलेले. त्यांना चांगली ट्रॉली हवी होती. उरलेल्या 220 नगांचा बोअर मोठा झाला होता. वेळा ताडून पाहिल्या, तर त्यातले 160 इन्सर्ट बदलल्यावरचे पहिले दोन-तीन नग निघाले.

मग मी रात्री मशीनपाशी उभा राहिलो. इन्सर्ट झिजत जातो तसा बोअर लहान येतो, म्हणून ऑपरेटर वेअर ऑफसेट थोडा थोडा वाढवत नेतो. नवीन इन्सर्ट बसवला की तो ऑफसेट शून्यावर आणायचा असतो. तो तसाच राहिला, की पहिलाच नग मोठा.

आता खरी पायरी. सहाही ऑपरेटरांना मी समोर इन्सर्ट बदलायला लावलं. दोघांनी बिनचूक केलं. त्यांना येत होतं, पण टार्गेटच्या घाईत ते सोडून देत. त्यांना वर्गात बसवून काही साधलं नसतं. त्यांच्यासाठी पहिला नग तपासून सही घेण्याची पद्धत लावली. चौघांना मात्र येतच नव्हतं. प्रस्ताव फक्त या चौघांचा केला. तू साऱ्या शॉपचं नाव घातलंयस, तिथेच तो फुगलाय.

चौघांच्या मशीनवरचे असे नग महिन्याला 120. मी त्यातले निम्मेच वाचतील असं धरलं. एका नगाचं नुकसान, भंगाराची किंमत वजा जाता, 300 रुपये. म्हणजे महिन्याला 18,000. खर्चात ट्रेनरचे 25,000, दोन दिवसांचा पगार 6,400 आणि बंद मशीनचे 12,000, असे एकूण 43,400 मांडले. बंद मशीनचा आकडा तू लिहिलेला नाहीस. फायनान्सवाले पहिल्यांदा तोच विचारतील, आणि तो तुझ्याकडे नसला तर बाकीच्या आकड्यांवरही त्यांचा विश्वास बसणार नाही. अडीच महिन्यांच्या आत पैसे वसूल होतात, हे त्यांना पुरेसं होतं.

ट्रेनिंगनंतर काय मोजणार तेही आत्ताच लिही. ‘ट्रेनिंग आवडलं’ हे फॉर्म नकोत. इन्सर्ट बदलल्यानंतरचे मोठे बोअर, तीन महिने आधीचे आणि तीन महिने नंतरचे, मशीनवार. शेजारी पहिल्या पाळीचे आकडे ठेव. तिथेही तितकीच घट दिसली, तर श्रेय ट्रेनिंगचं नाही, बहुधा कास्टिंग किंवा इन्सर्टचा लॉट बदलला असेल.

नवीन मसुद्याआधी रजिस्टरची तीन महिन्यांची पानं पाठव. कारणं आपण एकत्र बसून वेगळी करू.