मूळ फोटोवरच सेव्ह करणारी स्क्रिप्ट चालवू नका

प्रश्न: फोटो लहान करायची स्क्रिप्ट लिहिली आहे. मूळ फाइलवरच सेव्ह केलं तर जागा वाचते. त्यात काय बिघडतं? आणि नवख्याने बॅकअप कसा ठेवावा?

नका करू. मी केलंय.

नाना पेठेत पालखी मुक्कामाला आली होती, तेव्हा आजीचे दर्शनाच्या रांगेतले फोटो काढले होते. ६००० बाय ४००० पिक्सेलचे. नातेवाइकांना पाठवायला लहान हवे होते, म्हणून त्याच फोल्डरमध्ये ImageMagick या फोटोंवर काम करणाऱ्या प्रोग्रामचं `mogrify -resize 1600x1600 *.JPG` चालवलं. ही आज्ञा नवी फाइल बनवत नाही, त्याच नावाच्या फाइलवर लिहिते. विचारतही नाही. स्क्रीनवर फोटो छान दिसले आणि मी कार्ड फॉरमॅट केलं.

पुढच्या वर्षी आजी गेली. भिंतीवर लावायला १८ बाय १२ इंचाचा फोटो हवा होता. लॅबवाल्या काकांनी फाइल उघडली आणि म्हणाले, "ही १६०० बाय १०६७ची आहे, मोठी दुसरी आहे का?" १८ इंचांत १६०० पिक्सेल म्हणजे इंचाला जेमतेम ८९. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या त्या फाइलमध्ये उरल्याच नव्हत्या. लहान केलेला फोटो पुन्हा मोठा केला तर संगणक मधले पिक्सेल अंदाजाने भरतो, गेलेला तपशील परत येत नाही.

दादा तेव्हा म्हणाला, "अगं, सगळं क्लाउडवर सिंक होतं ना, घाबरतेस काय?" क्लाउडवरही १६००चेच होते. सिंक म्हणजे आरसा. इथे फाइल बिघडली की तिथेही बिघडते. त्याला बॅकअप म्हणणं मला आजही पटत नाही.

आता असं करते:

```
mkdir -p lahan
mogrify -path lahan -resize "1600x1600>" *.JPG
```

`-path` मुळे लहान प्रती `lahan` मध्ये जातात, मूळ फाइलींना हात लागत नाही. फोल्डर आधी बनवावा लागतो. `>` मुळे आधीच लहान असलेला फोटो ताणला जात नाही. अवतरणचिन्हं मात्र विसरू नका, नाहीतर टर्मिनल त्या `>` चा वेगळाच अर्थ लावतं. आकडा चुकला तर `lahan` पुसायचं आणि पुन्हा चालवायचं. मूळावर लिहिलं असतं तर दुसरी संधीच नव्हती. आधी दोन-तीन फोटोंवर चालवून `identify` ने आकार बघा.

बॅकअपचं म्हणाल तर, फोटो लॅपटॉपवर घेतले की लगेच एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर चुकीची स्क्रिप्ट तिथेही पोचू शकते. डिस्कवरचे चार-पाच फोटो उघडून, पूर्ण मोठे करून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. जमलं तर दुसरी डिस्क वेगळ्या घरी ठेवा. माझी मावशीकडे कोथरूडला असते.

हो, काही क्लाउड सेवा फाइलची जुनी आवृत्ती थोडे दिवस ठेवतात, म्हणजे दादाचं अगदीच चूक नव्हतं. पण मला कळलं ते वर्षभराने.