बाल्कनीतली भाजी: खर्च कुंड्यांवर नाही, मातीच्या लिटरवर मोजा

प्रश्न: मुलुंडला चौथ्या मजल्यावर राहते. बाल्कनीत टोमॅटो, मिरची, वांगी आणि थोडी पालेभाजी लावायची आहे. दुकानदार दहा ग्रो बॅग, प्रत्येकी ५ किलो तयार माती, बिया आणि झारी असं सहा हजारांत देतो. हा खर्च योग्य आहे का?

उत्तर: ताई, रकमेआधी माती बघा. दुकानदाराच्या हिशेबात तीच कमी आहे. १२ इंच व्यासाची आणि १२ इंच उंचीची ग्रो बॅग वरची दोन इंच जागा सोडून भरली, तर सुमारे १८ लिटर मिश्रण बसतं. कोकोपीट आणि खताचं ५ किलो तयार मिश्रण मात्र जेमतेम ८ लिटर भरतं. म्हणजे बॅग अर्धीही भरणार नाही. अशा बॅगेतला टोमॅटो दुपारी मान टाकतो, संध्याकाळी पाणी दिलं की सावरतो, आणि फुलं आली तरी ती गळून जातात. माणसं रोग समजून फवारणीवर खर्च करतात, पण मुळांना जागाच नसते. म्हणून मिश्रण किलोवर घेऊ नका, किती लिटर आहे ते विचारा. ओलं मिश्रण तोललं तर पाण्याचेही पैसे द्यावे लागतात.

आता तुमचाच हिशेब करू. टोमॅटो, मिरची, वांगी यांच्यासाठी सहा बॅग आणि पालेभाजीसाठी दीड फूट लांब, एक फूट रुंद, सहा इंच खोल असे चार ट्रे घ्या. ट्रेमध्येही साधारण तेवढंच मिश्रण मावतं, म्हणजे एकूण १८० लिटर झालं. त्यासाठी कोकोपीटची ५ किलोची एक वीट (भिजवल्यावर साधारण ७० लिटर होते), ४० किलो गांडूळ खत, ७० किलो लाल माती आणि १ किलो निंबोळी पेंड लागेल. वीट २५० रुपये, खत २५ रुपये किलोने १,०००, माती ८ रुपये किलोने ५६० आणि पेंड ८०. मिश्रणाचे १,८९० झाले. हे भाव मी अंदाजाने धरले आहेत, तुमच्या नर्सरीचे भाव घालून बेरीज करा.

बॅग ५० रुपयांप्रमाणे ३००, ट्रे १२० प्रमाणे ४८०, खालच्या ताटल्या ४००, झारी आणि खुरपी २८०, काठ्या व सुतळी १५०. टोमॅटो, मिरची, वांगी, पालक यांच्या पाकिटांना १२० पुरतात. मेथीदाणे आणि धणे स्वयंपाकघरातलेच चालतात, फक्त धणे हलके रगडून दोन भाग करून पेरा. हे सगळं धरून ३,६२० होतात. माती वर चढवायचे ३०० धरले तरी चार हजारांच्या आत काम होतं, आणि बॅगही पूर्ण भरतात.

कोकोपीटमध्ये बचत करू नका. नारळाच्या काथ्यात क्षार राहतात, म्हणून वीट भिजवून ते पाणी दोनदा काढून टाका. हे केलं नाही तर कोवळ्या पानांच्या कडा करपतात. कोकोपीट मिश्रण हलकं ठेवतं, म्हणूनही ते घालायचं. वरचं सगळं साहित्य ओलं असताना साधारण १९० किलो भरेल, नुसत्या मातीचं वजन ३०० किलोपर्यंत गेलं असतं. तरी बॅग कठड्याकडे न ठेवता भिंतीलगत ठेवा. इमारत जुनी असेल किंवा बाल्कनीच्या स्लॅबला तडे दिसत असतील, तर आधी सोसायटीमार्फत अभियंत्याला दाखवून घ्या.

पैसे देण्यापूर्वी एक दिवस ऊन मोजा. थेट ऊन पाच-सहा तास नसेल तर टोमॅटो आणि वांग्याच्या बॅगा घेऊच नका. तीन-चार तासांच्या उन्हात पालक, मेथी, कोथिंबीर चांगली येते, आणि त्यांना सहा इंच खोली पुरते म्हणून खर्चही उतरतो. ऊन पुरेसं असेल तर टोमॅटोची रोपं सप्टेंबरअखेर करा. मुंबईच्या जून-जुलैच्या पावसात खत वाहून जातं आणि रोपं बुरशीने कुजतात.

पुढचा खर्च मुख्यतः खताचा. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक बॅग आणि ट्रेमागे पाव किलो गांडूळ खत धरलं तर दहांना चार महिन्यांत २० किलो, म्हणजे ५०० रुपये. निंबोळी तेलाची एक छोटी बाटली १०० च्या आसपास. हिवाळ्यात बॅग आणि ट्रे मिळून दहांना रोज सुमारे १० लिटर पाणी लागतं, मे महिन्यात दीडपट. बिलात फरक जाणवणार नाही, पण सोसायटीत पाण्याची वेळ ठरलेली असेल तर बादली भरून ठेवावी लागेल. बोट दोन इंच खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी घाला. पावसाळ्यात ताटल्या काढून ठेवा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, आणि महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कर्मचारी तपासणीत नेमकं तेच बघतात.