ड्रेनेज पाइपचं छतच का झडतं, आणि वेग व हवा यांनी ते किती थांबतं

प्रश्न: "आमच्याकडे ९०० मिलिमीटरची आरसीसी ड्रेनेज लाइन टाकून बारा वर्षं झाली. उतार १००० ला १. सुरुवातीच्या मॅनहोलमध्ये पंपिंगची लाइन येऊन पडते. पाइपचा तळ ठणठणीत आहे, पण छत भुसभुशीत झालंय, पहिल्या दोन-तीन मॅनहोलपाशी तर सळ्या दिसतात. कंत्राटदार म्हणतो, गॅसमुळे झालं; वेग वाढवा आणि व्हेंट लावा. हे बरोबर आहे का?"

निदान बरोबर आहे. पण वेग आणि हवा हे दोन्ही उपाय जागा बघून करावे लागतात, नाहीतर त्यांनीच झीज वाढते. तळ शाबूत आणि छत गेलेलं, ही हायड्रोजन सल्फाइडची खूण आहे. काँक्रीटच निकृष्ट असतं तर तळही घासून गेला असता.

पाण्याखाली पाइपच्या भिंतीवर बुळबुळीत थर जमतो. त्याच्या आतल्या भागात प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू सांडपाण्यातल्या सल्फेटचं सल्फाइड करतात. पाण्यात असेपर्यंत सल्फाइड काँक्रीटला फारसा त्रास देत नाही. ते वायू होऊन वर सुटलं आणि ओल्या छतावर बसलं, की तिथले दुसरे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात. १९४५ साली मेलबर्नमध्ये सी. डी. पार्कर यांनी गंजलेल्या काँक्रीटमधून हे जिवाणू वेगळे करून दाखवले. नव्या काँक्रीटचा पीएच १२ च्या वर असतो, तेव्हा त्यावर ते जगत नाहीत. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि हा गॅस मिळून तो पीएच हळूहळू ९ च्या आसपास आणतात, मग एकापाठोपाठ एक जिवाणू बसतात आणि शेवटी पृष्ठभागाचा पीएच १-२ वर येतो. सिमेंटचा जिप्सम होतो. स्क्रू-ड्रायव्हरने छत खरवडलं तर ओल्या खडूसारखा पांढरा लगदा निघतो आणि त्यात खडी सुटी झालेली दिसते. त्या लगद्याला पीएच पट्टी लावा, ती लालभडक झाली तर वाद मिटला.

म्हणजे सल्फाइड बनतं खाली आणि पाइप खाल्ला जातो वर. वेग पहिल्या गोष्टीवर काम करतो, हवा दुसरीवर.

आधी वेग. पाणी जोरात वाहिलं की पृष्ठभागातून जास्त प्राणवायू पाण्यात मिसळतो, गाळ बसत नाही आणि बुळबुळीत थर पातळ राहतो. पाण्यात लिटरमागे साधारण १ मिलिग्रॅम प्राणवायू टिकला, तर थराच्या वरच्या पदरातच सल्फाइडचं पुन्हा सल्फेट होतं आणि ते प्रवाहात येत नाही. आपल्याकडे डिझाइन करताना सुरुवातीच्या वर्षांतल्या कमाल प्रवाहाला सेकंदाला ०.६ मीटर आणि अंतिम कमाल प्रवाहाला ०.८ मीटर वेग धरतात. हे आकडे गाळ वाहून जावा म्हणून आहेत. सल्फाइड बनू नये याची हमी त्यात नाही, आणि उन्हाळ्यात तर नाहीच. ते तपासायला पॉमरॉय यांचा Z निर्देशांक वापरतात:

```
EBOD = BOD × 1.07^(T − 20)
Z = 0.308 × EBOD × (P / b) / (S^0.5 × Q^(1/3))
```

BOD म्हणजे सांडपाण्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू, मिलिग्रॅम प्रति लिटर, EBOD म्हणजे तापमानाप्रमाणे सुधारलेला तोच आकडा, T सांडपाण्याचं तापमान, S उतार, Q घनमीटर प्रति सेकंद, P पाण्याने भिजलेला परीघ आणि b पाण्याच्या पृष्ठभागाची रुंदी. Z ५००० च्या खाली असेल तर सल्फाइड क्वचित बनतं, १०,००० च्या वर गेलं तर ते नेहमीचंच होतं.

तुमचा पाइप अर्धा भरून वाहतोय असं धरू. खरबरीतपणा n = ०.०१३ घेतला तर वेग ०.९ मीटर आणि प्रवाह ०.२८६ घनमीटर प्रति सेकंद येतो. BOD २५० धरला तर २० अंशाला Z सुमारे ५८०० येतो, आणि ३० अंशाला ११,४००. पाइप तोच, वेग तोच. थंड हवेत जो सीमेवर राहिला असता तो आपल्या हवेत सरळ धोक्यात जातो. आता पहाटेचा किंवा वसाहत पूर्ण भरण्याआधीचा प्रवाह घ्या, पाणी व्यासाच्या फक्त २० टक्के. वेग ०.५५ वर उतरतो आणि ३० अंशाला Z १५,००० वर जातो. कागदावर ०.८ मीटर वेग दाखवणारी लाइन पहिली कित्येक वर्षं अशीच रांगत असते.

बारा वर्षं जुन्या लाइनचा उतार तुम्ही बदलू शकत नाही. पण असलेला वेग वाया जात नाही ना, हे नक्की बघू शकता. माझ्या मते सगळ्यात आधी खालच्या टोकाचा पंपिंगचा संप, म्हणजे सांडपाणी जमा होणारी टाकी, बघावी. पंप सुरू होण्याची पातळी येणाऱ्या पाइपच्या तळापेक्षा ६० सेंटिमीटर वर ठेवली असेल, तर १००० ला १ उतारावर पाणी पाचशे-सहाशे मीटर मागे तुंबतं. तेवढ्या लांबीत वेग जवळजवळ शून्य, खाली गाळ आणि त्यात दिवसरात्र सल्फाइड. पंप कमी वेळा सुरू करावे लागतात म्हणून पातळी वर ठेवण्याची सवय बऱ्याच ठिकाणी असते. पंप सुरू होण्याची पातळी पाइपच्या तळाच्या खाली आणा. याला फ्लोट हलवण्यापलीकडे खर्च नाही. त्यानंतर जेटिंग मशीनने गाळ काढा आणि कॅमेरा फिरवून पाइप कुठे बसलाय का ते पाहा.

आता वेगाची दुसरी बाजू, आणि तुमच्या सळ्या दिसण्याचं कारण बहुतेक इथेच आहे. पंपिंगची लाइन पूर्ण भरून वाहते, तिच्यात हवा नसते, पंप बंद असताना सांडपाणी तासन् तास तिथेच पडून राहतं. ते तयार सल्फाइड घेऊन बाहेर येतं. वरच्या Z मध्ये हे आयतं आलेलं सल्फाइड धरलेलंच नाही. अशा पाण्यात खळबळ झाली की सोडा बाटली हलवल्यासारखा गॅस सुटतो. म्हणून पंपिंगची लाइन मॅनहोलमध्ये उंचावरून पडत असेल तर आधी ती उंची काढा. बेंड लावून तिचं तोंड प्रवाहाच्या दिशेने, वाहत्या पाण्याच्या पातळीला किंवा जरा खाली आणा. सल्फाइड बनण्याआधी वेग आणि खळबळ हवी. बनल्यावर पाणी शांतपणे पुढे जाऊ द्यायला हवं.

सल्फाइडमुळे छत किती वेगाने जातं याचाही हिशेब आहे:

```
φ = 0.7 × (S × u)^(3/8) × j × DS × (b / P')
c = 11.5 × k × φ / A
```

φ म्हणजे भिंतीवर जाऊन बसणाऱ्या गॅसचं प्रमाण, DS म्हणजे पाण्यात विरघळलेलं सल्फाइड, j म्हणजे त्यातला वायुरूप होऊ शकणारा हिस्सा, u वेग, P' पाण्यावरच्या उघड्या भिंतीचा परीघ, k म्हणजे ॲसिडपैकी काँक्रीटला प्रत्यक्ष भिडणारा हिस्सा, साधारण ०.८, आणि c म्हणजे वर्षाला मिलिमीटरमध्ये झीज. A म्हणजे काँक्रीटची ॲसिड पचवायची ताकद. आपल्याकडच्या काळ्या पत्थराच्या खडीत चुनखडी नाही, ॲसिडशी लढतं ते फक्त सिमेंट, म्हणून A सुमारे ०.१८ धरा. पीएच ७.२ ला j साधारण ०.३९ येतो. सल्फाइड लिटरमागे १ मिलिग्रॅम असेल तर तुमच्या पाइपला वर्षाला ०.६४ मिलिमीटर झीज निघते, २ मिलिग्रॅमला १.३. म्हणजे बारा वर्षांत ८ ते १५ मिलिमीटर, हे तुमच्या भुसभुशीत छताशी जुळतं. पंपिंगच्या तोंडाशी खळबळीमुळे गॅस याच्या कितीतरी पट सुटतो, तिथे सळ्यांवरचं कव्हर संपणं नवल नाही. चुनखडीची खडी असती तर A ०.८-०.९ झाला असता आणि झीज चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर आली असती. पुढची लाइन टाकताना हे जरूर लक्षात ठेवा.

मग हवा. व्हेंटिलेशन छतापाशी गॅसचं प्रमाण खाली आणतं आणि भिंत थोडी कोरडी करतं. पाण्याशिवाय ते जिवाणू ॲसिड करू शकत नाहीत. पण दोन मर्यादा आहेत. ओली भिंत सुटलेला गॅस इतक्या लवकर शोषते की पंख्याच्या वाट्याला त्यातला थोडाच भाग येतो. आणि आत घेतलेली हवा थोड्याच अंतरात दमट होऊन जाते, पावसाळ्यात तर ती दमटच आत शिरते. त्यामुळे पंखा लावला की झीज थांबेल अशी अपेक्षा मी ठेवणार नाही. ती कमी होईल, आणि मॅनहोलमधून येणारा वास नक्की आटोक्यात येईल.

नुसते व्हेंटचे खांब वाऱ्यावर अवलंबून असतात. मात्र पाइपातली हवा पाण्याबरोबर पुढे ओढली जाते, पाण्याच्या वेगाच्या ढोबळ मानाने एक तृतीयांश वेगाने. पुढे पाइप पूर्ण भरलेला असेल, सायफन असेल किंवा संप असेल, तर तिथे हवेला वाट राहत नाही आणि ती जवळच्या झाकणातून बाहेर पडते. हवा ओढणारा पंखा तिथे लावायचा. तुमच्या पाइपात पाण्यावरची जागा ०.३२ चौरस मीटर आहे. सेकंदाला ०.३ मीटरने हवा न्यायची तर तासाला सुमारे ३५० घनमीटर लागतात. पंखा एफआरपीचा घ्या, लोखंडी टिकणार नाही. काढलेली हवा बायोफिल्टरमधून, म्हणजे जिवाणू गॅस खातात अशा थरातून, सोडायची असेल आणि त्यात ती मिनिटभर राहावी असं धरलं तर साधारण ६ घनमीटर माध्यम लागेल. पंपिंगच्या तोंडाच्या मॅनहोलची हवा वेगळीच काढावी, कारण तिथला दाट गॅस पूर्ण लाइनभर ओढत नेला तर तुम्ही चांगल्या छतालाही तो पोचवता.

हवा खरंच ओढली जातेय का हे बघायला झाकणाच्या भोकाशी पातळ प्लास्टिकची पट्टी धरा, ती आत ओढली गेली पाहिजे. उदबत्ती किंवा काडी मुळीच वापरू नका, आत मिथेन असू शकतो. मॅनहोलमध्ये माणूस उतरवू नका. गॅस मीटर दोरीला बांधून सोडा. १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं, म्हणून वास येत नाही याचा अर्थ गॅस नाही असा होत नाही. शिवाय त्याच ॲसिडने आतल्या पायऱ्याही खाल्लेल्या असतात.

सल्फाइडचं मोजमाप कामाआधी आणि नंतर करा: पंपिंगच्या तोंडाशी, पाचशे मीटरवर आणि शेवटी, पहाटे आणि दुपारी. नमुना पाण्याच्या पृष्ठभागाखालून, बुडबुडे न येऊ देता, बाटली काठोकाठ भरून घ्या आणि जागेवरच झिंक ॲसिटेट घाला. नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत गॅस उडतो आणि सल्फाइड नसल्याचा अहवाल येतो. तोंडाशीच आकडा लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या वर असेल, तर पंपिंगच्या लाइनमध्ये कॅल्शियम नायट्रेट किंवा लोहक्षार सोडण्याचा विचार करा. जिथे सळ्या उघड्या आहेत तिथे यातलं काहीच पुरणार नाही. तो भाग आतून लायनर घालूनच वाचेल, आणि त्याआधी पांढरा लगदा जोरदार पाण्याने पक्क्या काँक्रीटपर्यंत धुऊन काढावा लागेल. धुतलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलीन शिंपडा. गुलाबी रंग आला की खालचं काँक्रीट अजून जिवंत आहे.