लाव्हा केक: साचा, वेळ आणि उलटणे

लाव्हा केक, म्हणजे आत चॉकलेटचा पातळ रस राहणारा छोटा केक, उलटताना साच्याला चिकटून फुटत असेल, तर त्याचे कारण बहुधा लोणी लावण्यात असते. वितळलेले लोणी ओघळून तळाशी साचते; म्हणून मऊ लोणी ब्रशने तळापासून काठापर्यंत लावावे, कोको पावडर भुरभुरून साचा सर्व बाजूंनी फिरवावा आणि उरलेली पावडर झटकून टाकावी. मैदा वापरल्यास गडद केकवर पांढरे डाग दिसतात, त्यामुळे मी कोकोच सुचवेन.

सुमारे १८० मिलिलिटरचा रॅमेकिन, म्हणजे ओव्हनमध्ये चालणारा वाटीसारखा छोटा साचा, पाऊण भरून, पूर्ण तापलेल्या २२० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ठेवल्यास १० ते १२ मिनिटे पुरतात, परंतु प्रत्येक ओव्हन वेगळा असल्याने घड्याळापेक्षा केककडे लक्ष द्यावे: कडा घट्ट आणि कोरड्या दिसाव्यात, मध्यभाग मात्र हलवल्यावर थरथरला पाहिजे. सुरी खुपसून पाहण्याची परीक्षा येथे निरुपयोगी आहे, कारण आतला भाग ओलाच हवा असतो. पहिल्या वेळी एकच केक भाजून आपल्या ओव्हनची वेळ ठरवून घ्यावी.

बाहेर काढल्यावर एक मिनिट थांबावे. लगेच उलटल्यास नाजूक कडा फाटते, आणि फार थांबल्यास उरलेल्या उष्णतेने आतला रस घट्ट होतो. मग कडेने पातळ सुरी फिरवून, ताटली वर ठेवून उलटावे, दहा सेकंद थांबून साचा सरळ वर उचलावा.