दुसरीचा वर्ग, दिवाळीचा एक तास : दिवा आणि फुलबाजी

प्रश्न : ठाण्यात दुसरीला शिकवते. वर्गात ३८ मुलं. काहींच्या घरी दिवाळी नसते, एकाला दमा आहे, एक मुलगी मोठ्या आवाजाला घाबरते. ३५ मिनिटांत दिवाळी आणि फटाक्यांची काळजी दोन्ही कसं सांगू?

उत्तर : सुरुवातीलाच "तुम्ही काय काय आणलं?" असं विचारू नका. पहिल्या दोन मिनिटांत वर्गाचे दोन गट पडतात आणि ज्यांनी काही आणलेलं नसतं ती मुलं गप्प होतात. त्याऐवजी "घरात मुद्दाम दिवा कधी लावतात?" असं विचारा. मग देवापुढची समई, नाताळातली मेणबत्ती, लाईट गेल्यावर काढलेली बॅटरी, सगळंच चालतं. त्यानंतर दिवाळी सांगा. वसुबारस ते भाऊबीज सगळे दिवस पाठ करून घ्यायची गरज नाही. लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज एवढे पुरेत. याच अमावास्येला जैन घरांत महावीरांचं निर्वाण स्मरतात आणि याच सुमारास शीख बंदी छोड दिवस पाळतात, हे दोन वाक्यांत सांगा. कोरडी पणती हातोहात फिरवा. वर्गात ती पेटवू नका.

उरलेला वेळ फक्त फुलबाजीला द्या. सुतळी बॉम्बला मोठी माणसं स्वतःच हात लावू देत नाहीत, फुलबाजी मात्र निर्धास्त हातात देतात. तिच्या ठिणग्या हजार अंशांच्या आसपास तापतात आणि विझल्यावरही तार भाजण्याइतकी गरम राहते. काळी पडलेली तार मुलांना थंड वाटते. कुणी ती खाली टाकतो आणि दुसऱ्याचा अनवाणी पाय तीवर पडतो.

झाडूच्या काडीला लाल लोकर बांधली की सरावाची फुलबाजी झाली. मूल चप्पल घालून, हात लांब धरून उभं राहील, शेजारच्यापासून दोन मोठी पावलं दूर. "विझली" म्हणताच पळायचं नाही, चालत जाऊन काडी पाण्याच्या बादलीत टाकायची. चारचारच्या गटात घ्या, नाहीतर बादलीपाशीच ढकलाढकली होते. घोळ बहुतेक वेळा इथेच होतो : मुलं काडी नाचवत येतात. तसं झालं की गट पुन्हा पहिल्यापासून. वाचून दाखवलेले नियम मुलं विसरतात, ही चाल मात्र लक्षात राहते.

फटाक्यांचे आवाज मोबाईलवर ऐकवू नका. घाबरणाऱ्या मुलीला "विझली" म्हणायचं काम द्या. दम्याच्या मुलाचं नाव न घेता सगळ्यांनाच सांगा, की नागगोळीवर वाकून पाहायचं नाही, तिचा धूर फार असतो. धूर टाळण्यासाठी घरात थांबणं म्हणजे भित्रेपणा नव्हे, हेही तिथेच सांगा.

पालकांच्या चिठ्ठीत पाचच ओळी लिहा. सुती कपडे. गॅलरीत, जिन्यात किंवा पार्किंगमधल्या गाड्यांजवळ काही पेटवायचं नाही. न फुटलेल्या फटाक्याजवळ मूल जाणार नाही. भाजलं तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, बर्फ किंवा टूथपेस्ट नाही. डोळ्याला लागलं तर न चोळता थेट डॉक्टर.